छोट्या नखांना कोणती नेलपेंट? ऑफिस, लग्नकार्य आणि सणावाराला नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींची नखं छोटी असतात आणि ती मुद्दाम छोटी ठेवलेली असतात. कणीक मळायची असते, लेकराला आंघोळ घालायची असते, दिवसभर कीबोर्डवर बोटं चालवायची असतात. त्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली. घरी स्वतःच्या हाताने नेलपेंट लावणाऱ्यांसाठी ही आहेत.

छोट्या नखांना फिकटच रंग लावावा, गडद लावू नये, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. छोट्या नखांना दोन टोकं शोभतात. एक म्हणजे तुमच्या बोटाच्या कातडीच्या जवळचा रंग. नख कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं हे अशा रंगात पटकन कळत नाही, त्यामुळे नजर बोटभर सरकते आणि बोट लांब वाटतं. दुसरं टोक म्हणजे अगदी गडद रंग. वाईन, आमसुली, वांगी, बॉटल ग्रीन, कॉफी हे रंग छोट्या नखावर रेखीव दिसतात. तेच लांब नखावर लावले तर कधी कधी फार भडक होतात.

फसतात ते मधले रंग. पांढरट बेबी पिंक, पांढरट जांभळा, पांढरट आकाशी असे खडूसारखे रंग सावळ्या किंवा गव्हाळ बोटावर लावले, की नख बोटावर चिकटवलेल्या टिकलीसारखं वेगळं पडतं. टिकली जेवढी लहान तेवढं नख लहान दिसतं. म्हणून रंग फिकट आहे की गडद हे नंतर बघा. तो तुमच्या कातडीच्या शेजारी कसा बसतो, हे आधी बघा.

मला न्यूड शेड आवडतात, पण लावल्यावर हात काळपट आणि थकलेले दिसतात. असं का होतं?

कारण बाटलीतला न्यूड दुसऱ्याच कुणाच्या कातडीचा असतो. बाजारात सहज मिळणारे बरेचसे न्यूड गुलाबीसर बदामी असतात आणि त्यात पांढरा रंग भरपूर असतो. गोऱ्या हाताला ते जातात. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या हातांवर मात्र ते राखाडी मारतात.

न्यूड निवडताना तळहाताकडे किंवा चेहऱ्याकडे बघू नका. हात पालथा ठेवा आणि नखाच्या मुळाशी, बोटाच्या शेवटच्या पेरावर जी कातडी आहे ती बघा. बहुतेकींची ती चेहऱ्यापेक्षा एखादी छटा गडद असते, आणि मे महिन्यात स्कूटी चालवून आणखी गडद होते. न्यूड या कातडीच्या बरोबरीचा किंवा तिच्यापेक्षा किंचित गडद घ्यायचा, फिकट घ्यायचा नाही.

गव्हाळ हाताला गुलाबी झाक असलेला तपकिरी, म्हणजे डस्टी रोझ किंवा मॉव्ह, चांगला बसतो. कातडीत पिवळेपणा जास्त असेल तर कॅरॅमल किंवा फिकट विटकरी बघा. सावळ्या हाताला कोको, दालचिनी, किंवा लालसर तपकिरी फार सुरेख दिसतो. सावळ्या मुलींना दुकानात सर्रास बेबी पिंक दाखवतात, ते बघून मला राग येतो. सावळ्या हातावर लालसर तपकिरी रंगाचे दोन हात दिले की नख आणि बोट एकमेकांत मिसळून जातात आणि छोटं नख छोटं आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

चुकलंय हे कसं ओळखायचं? रंग लावून हात खिडकीजवळ धरा. पेरांवरच्या सुरकुत्या आधीपेक्षा जास्त काळ्या दिसायला लागल्या असतील तर शेड तुमच्यासाठी फार फिकट आहे. नखं पिवळट, आजारी माणसाची असावीत तशी वाटत असतील तर शेडमध्ये पिवळा जास्त आहे आणि तुम्हाला गुलाबी झाक हवी आहे.

दुकानात उभं राहून हे सगळं पारखायचं कसं? तिथे तर सगळेच रंग छान दिसतात.

दिसणारच. सीताबर्डीच्या मेन रोडवर काय किंवा इतवारीत काय, काउंटरवर डोक्यावर एवढे पांढरेशुभ्र दिवे असतात की त्यात तपकिरी रंग गुलाबी वाटतो आणि वाईन लाल वाटतो. शिवाय बाटलीत रंग जाड थरात असतो. नखावरचे दोन पातळ हात त्यापेक्षा फिकट आणि थोडे पारदर्शक येतात.

पर्समध्ये पारदर्शक चिकटपट्टी ठेवा. टेस्टरची बाटली असेल तर पट्टीच्या बिनचिकट बाजूवर दोन हात लावा, वाळू द्या आणि पट्टी नखावर चिकटवून दुकानाच्या बाहेर रस्त्यावर या. सावलीत उभं राहून बघा, भर उन्हात नाही. अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. सरळ नखावर लावून बघितलं तर एकाच हातावर पाच रंग होतात आणि मग एकाचंही खरं रूप कळत नाही. टेस्टर नसेल तर छोटी बाटली घ्या. मोठी बाटली संपायच्या आत घट्ट होते, हा जवळजवळ सगळ्यांचाच अनुभव आहे.

माझी नखं छोटी आहेत आणि वर रुंदही आहेत, अंगठा तर अगदी चपटा. त्यावर काही उपाय?

आहे, आणि तो बाटलीत नसून ब्रशमध्ये आहे. रुंद नखाला कडेपर्यंत रंग भरलात तर रुंदी पूर्ण दिसते. दोन्ही बाजूंना केसाएवढी जागा रिकामी सोडलीत तर नजर फक्त रंगवलेला भाग मोजते आणि नख अरुंद भासतं. ही जागा खरंच केसाएवढीच हवी. जास्त सुटली तर रंग अर्धवट लागल्यासारखा दिसतो.

हे करायचं असं. ब्रश बाहेर काढताना त्याची एक बाजू बाटलीच्या तोंडावर पुसून घ्या, दुसऱ्या बाजूला एकच छोटा थेंब राहू द्या. छोट्या नखाला एवढा थेंब पुरतो, आणि घाण होते ती बहुतेक जास्त थेंबामुळेच. ब्रश नखाच्या मुळाशी न टेकवता मुळापासून किंचित अंतरावर टेकवा. मग हळूच मागे, मुळाच्या दिशेने ढकला. ब्रशचे केस पंख्यासारखे पसरतात आणि मुळाशी आपोआप गोल रेष येते. आता मधोमध सरळ टोकापर्यंत ओढा. मग एक ओढ डावीकडे, एक उजवीकडे. तीन ओढींत नख व्हायला हवं. चौथी-पाचवी ओढ मारलीत की अर्धवट वाळलेला रंग ओढला जातो आणि त्यात चऱ्या पडतात.

पहिला हात पारदर्शक, डागाळलेला दिसला तरी घाबरू नका. दोन-तीन मिनिटं थांबून दुसरा तसाच पातळ हात द्या. शेवटी ब्रश नखाच्या टोकाच्या धारेवरून आडवा एकदा फिरवा, म्हणजे टोकाची जाडीही रंगाने झाकली जाते. छोट्या नखाची धार बोटाच्या पुढे जेमतेम येते, त्यामुळे हे काम किचकट आहे, पण रंग सगळ्यात आधी उडतो तो तिथूनच.

आकाराचंही ऐकून ठेवा. रुंद छोटं नख सरळ चौकोनी घासलं तर आणखी रुंद दिसतं. कोपरे गोल करा आणि टोक बोटाच्या टोकाच्या वळणाबरोबर न्या.

ऑफिससाठी एकच बाटली घ्यायची असेल तर?

डस्टी रोझ किंवा मॉव्ह, चमकी नसलेला साधा क्रीम फिनिश, तुमच्या कातडीच्या हिशेबाने फिकट किंवा गडद. मिहानमधल्या कंपनीत असा, बँकेच्या काउंटरवर असा की शाळेत शिकवत असा, हा रंग कुठेही खटकत नाही. साडीलाही चालतो, जीन्स-कुर्त्यालाही.

पण ऑफिससाठी मी तो सुचवते याचं खरं कारण वेगळं आहे. टायपिंग, नोटा मोजणं, स्टेपलरच्या पिना काढणं या सगळ्यात मार बसतो तो नखाच्या टोकाला. कातडीजवळचा रंग टोकाला उडाला तरी दोन हातांवरून दिसत नाही. तेच वाईनचं झालं तर समोर बसलेल्या ग्राहकाला दिसतं. सोमवारी लावलेला मॉव्ह बुधवारी रात्री टोकाला बारीकसा दुरुस्त केला आणि वरून टॉप कोटचा एक हात दिला, की शुक्रवारपर्यंत आरामात जातो.

सकाळी निघायच्या आधी घाईत लावू नका. बोट लावल्यावर वाळलेला वाटतो तो फक्त वरचा थर. आतला थर कडक व्हायला काही तास लागतात. रात्री जेवण-भांडी उरकून, झोपायच्या निदान दोन तास आधी लावा, नाहीतर चादरीची वीण नखांवर उमटते.

मग ऑफिसला गडद रंग लावायचाच नाही का?

लावा की. फक्त दोन अटी आहेत. नखं सगळी एका लांबीची हवीत आणि भोवतालची कातडी सोललेली नको, कारण गडद रंगात एकूण एक चूक उठून दिसते. आमसुली, वाईन, कॉफी हे ऑफिसात सभ्य दिसतात. भडक लाल आणि राणी मी ऑफिससाठी टाळते, पण ही माझी आवड झाली, नियम नव्हे. थंडीत आपल्याकडे हवा इतकी कोरडी होते की नखांच्या कडेची कातडी उलते. गडद रंगाच्या आदल्या रात्री तिथे खोबरेल तेल चोळा, आणि रंग लावायच्या आधी नखावरचं तेल मात्र रिमूव्हरच्या बोळ्याने पुसून काढा. तेलकट नखावर रंग धरत नाही, सालपटासारखा सुटतो.

घरात लग्न आहे. मेंदी, हळद, सीमंत पूजन, लग्न असे ओळीने कार्यक्रम. नेलपेंट कधी आणि कोणती लावू?

या प्रश्नाला एकाच उदाहरणाने उत्तर देते. परवा एक वहिनी आल्या होत्या. बँकेत नोकरी, सावळा वर्ण, नखं छोटी, रुंद. भाचीचं लग्न मे महिन्यात. गुरुवारी मेंदी, शुक्रवारी सकाळी हळद आणि संध्याकाळी सीमंत पूजन, शनिवारी लग्न. हळद, सीमंत पूजन आणि लग्नाच्या साड्या अनुक्रमे पिवळी, बॉटल ग्रीन आणि डाळिंबी. त्यांचा बेत असा की बुधवारीच पार्लरमध्ये सोनेरी चमकीची नेलपेंट लावून मोकळं व्हायचं.

बुधवारी लावायला मी नाही म्हटलं. गुरुवारच्या मेंदीत बोटांची टोकं भरली जाणार, तेव्हा नखांवर मेंदी लागणारच. नेलपेंटवर लागली तर चमकीत तिचे हिरवट-तपकिरी कण अडकतात. शुक्रवारी सकाळी वर हळद. शनिवारपर्यंत ती सोनेरी नखं कुणी बघण्यासारखी उरली नसती.

आम्ही ठरवलं ते असं. बुधवारी फक्त नखं कापून, घासून, गोल करून घ्यायची. गुरुवारी मेंदीच्या आधी नखांवर व्हॅसलीनचा थर द्यायचा, कारण त्यांना नखं केशरी व्हायला नको होती. नवरीची गोष्ट निराळी, तिची नखं मेंदीने रंगली तर शोभतातच. पण एक लक्षात ठेवा, मेंदीचा रंग नखाच्या द्रव्यात मुरतो, तो धुऊन किंवा रिमूव्हरने जात नाही. नख वाढून कापलं जाईल तसाच तो जातो. बोटाचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत रंगलेलं छोटं नखसुद्धा स्वच्छ व्हायला काही महिने घेतं. तेवढे दिवस त्यावर फिकट न्यूड लावला तर खालून केशरी झाक मारते.

शुक्रवारी हळद आटोपून, अंघोळ करून, दुपारी घरीच बेस कोट, दोन हात रंग आणि टॉप कोट. रंग कोणता? तीन साड्यांना तीन रंग शोधत बसायचं नाही. हळदीला रंग नव्हताच. उरल्या हिरवी आणि डाळिंबी. डाळिंबीला जुळता डाळिंबी घेतला असता तर हिरवीवर तो नाताळचा देखावा झाला असता. म्हणून घेतला गडद वाईन. दोन्ही साड्यांच्या खाली तो शांत बसतो, मेंदीच्या तपकिरी-लाल रंगाशी जमतो आणि सावळ्या हातावर खुलतो. सोनेरीची हौस होती, ती फक्त अनामिकेच्या टोकाला बारीक रेघ ओढून भागवली. लग्नाच्या दिवशी सकाळी टॉप कोटचा आणखी एक पातळ हात.

यातून तुमच्यासाठी घ्यायची गोष्ट एवढीच, की मेंदी आणि हळद झाल्याशिवाय नेलपेंट लावायची नाही, आणि मेंदी भरलेल्या हातावर थंड रंग टाळायचे. राखाडी, आकाशी, पांढरट गुलाबी हे मेंदीच्या शेजारी मळकट दिसतात. मेंदीच्या हाताला वाईन, विटकरी, डाळिंबी, तांबूस तपकिरी आणि जुन्या सोन्यासारखा सोनेरी हे पाच रंग सहसा दगा देत नाहीत.

हळदीने नेलपेंट पिवळी पडली. काढायची की काही इलाज आहे?

फिकट रंग असेल आणि डाग वरवरचा असेल तर साबणाने धुऊन हात थोडा वेळ सकाळच्या उन्हात धरून बघा. हळदीचा रंग उन्हात विटतो, हे हळदीचे डाग पडलेले कपडे वाळत घालणाऱ्यांना माहीत असतंच. टॉप कोटवरचा डाग यानं बराच फिका होतो. रंगात खोल मुरला असेल तर पुसूनच काढा. आणि रोज फोडणीत हात असेल तर फिकट रंगावर टॉप कोट चुकवू नका, डाग पडायचाच तर तो त्याच्यावर पडू दे.

महालक्ष्म्या आहेत घरी. स्वयंपाकही करायचा आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला छानही दिसायचं. कसं जमवू?

आपल्या विदर्भातल्या घरांत महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळपासून पुरण, सोळा भाज्या, आंबील, कढी असा पसारा असतो. कणकेत आणि पुरणात तासन्‌तास हात म्हणजे नेलपेंटची परीक्षाच. काही घरांत सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने नेलपेंट लावलेली चालत नाही. तिथे घरच्या मोठ्यांना विचारूनच काय ते ठरवा, तो विषय रंगाचा नाही.

चालत असेल तरी आवाहनाच्या दिवशी लावून दुसऱ्या दिवशी मळायला बसू नका. टोकं उडतात, आणि उडालेला कपचा कणकेत जाण्याची भीती वेगळी. माझ्या मते स्वयंपाक उरकला की मग बेस कोटची झंझट न करता पारदर्शक जेलीसारख्या लालसर शेडचा एकच हात द्यावा. जेली शेड लवकर वाळते, हात थोडा चुकला तरी दिसत नाही, आणि छोट्या नखावर आतून लाली आल्यासारखी वाटते. माझ्या ओळखीच्या एक काकू दरवर्षी संध्याकाळी पाच वाजता फोन करतात, "काऊन वं, आज कोणता लावू?" आणि दरवर्षी हाच रंग लावतात.

बाकीच्या सणांना कोणता रंग?

संक्रांतीच्या काळ्या साडीला काळीच नेलपेंट शोधणाऱ्या पुष्कळ आहेत. अगदी छोट्या, नीट गोल केलेल्या नखावर काळा छान दिसतो, पण तीळगूळ वाटताना आणि हळदीकुंकू लावताना हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, तेव्हा काळ्यापेक्षा डाळिंबी किंवा वाईन अधिक उबदार वाटतो.

नवरात्रात नऊ रंगांच्या साड्या नेसणाऱ्यांनी रोज नेलपेंट बदलू नये. नऊ दिवस रोज रिमूव्हर लावला तर नखं पांढरी, कोरडी पडतात आणि थरांत सुटायला लागतात. तांबूस सोनेरी किंवा गडद विटकरी लावा, नऊपैकी बहुतेक रंगांना तो पुरतो.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या माझ्या मैत्रिणी पांढरी साडी नेसतात. पांढऱ्यावर फार फिकट रंग धुऊन जातो. त्यांना मी उजळ निळा सुचवते, अगदी नेव्ही नाही, कारण नेव्ही छोट्या नखावर संध्याकाळी काळाच दिसतो. निळा नको असेल तर स्वच्छ गुलाबी.

दिवाळीला जे आवडेल ते. त्या दिवसांत कुणी कुणाच्या नखांकडे बघत नाही, फराळाच्या ताटाकडे बघतात.

चमकी, शिमर, मॅट यांपैकी छोट्या नखाला काय चालतं?

बारीक शिमर चालतो, म्हणजे ज्यात दाणा वेगळा दिसत नाही आणि हात हलल्यावरच लकाकी कळते. मोत्यासारखा फ्रॉस्टी फिनिश टाळा. त्यात ब्रशच्या रेघा राहतात आणि छोट्या नखावर त्या रेघाच तेवढ्या दिसतात. मोठ्या दाण्याची चमकी सगळ्या नखावर लावली तर थर जाड होतो आणि छोटं नख फुगीर वाटतं. ती टोकाकडे विरळ लावा, किंवा एका बोटापुरती ठेवा. मॅट दिसतो सुरेख, पण त्यावर तेलाच्या बोटाचे डाग लगेच पडतात, तेव्हा सावजी मटण करायच्या दिवशी तो नको.

टोकाला पांढरी रेघ म्हणजे फ्रेंच स्टाइल छोट्या नखाला शोभते, पण रेघ जेमतेम 1 मिलिमीटरची हवी आणि शुभ्र पांढऱ्याऐवजी मोतिया रंगाची. जाड रेघ नखाचे दोन तुकडे करते आणि उरलेलं नख आणखीच आखूड दिसतं.

उन्हाळ्यात नेलपेंटला बुडबुडे येतात आणि बाटली घट्ट होते. काय करू?

नागपूरचा मे म्हणजे पारा 45 अंशांच्या आसपास. नेलपेंट वाळते ती तिच्यातला उडून जाणारा द्रव हवेत जाऊन. एवढ्या उष्णतेत वरचा थर झटकन आवळतो, आतला द्रव बाहेर पडायला धडपडतो आणि बुडबुडा येतो. जाड हात दिला, बाटली जोरात हलवली किंवा फुल स्पीडच्या पंख्याखाली बसून लावली की हमखास. बाटली हलवू नका, दोन तळहातांमध्ये फिरवा. सकाळी लवकर किंवा रात्री लावा, थर पातळ ठेवा. कूलरच्या समोर बसूनही लावू नका, त्याच्या ओल्या हवेने वाळायला वेळ लागतो आणि कधी कधी रंगावर धूसर साय येते.

घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर टाकणं ही घरोघरची सवय आहे. रिमूव्हर रंगाची घडीच मोडतो. आज पातळ होते, पण पुढच्या वेळी लावल्यावर गुठळ्या येतात आणि टिकतही नाही. नेलपेंट थिनर वेगळा मिळतो, त्याचे दोन-तीन थेंब टाका आणि बाटली तळहातात फिरवा. तरीही ब्रशवरून तार सुटत असेल तर ती बाटली गेली समजा. वापरून झाल्यावर बाटलीचं तोंड पुसून झाकण लावा आणि कपाटात, उन्हापासून लांब, उभी ठेवा. गाडीच्या डिकीत ठेवलेली बाटली मे महिना काढत नाही.

संत्री सोलल्यावर नेलपेंटची चमक जाते, हा माझा भ्रम आहे का?

भ्रम नाही. संत्र्याच्या सालीत जे तेल असतं ते रंग विरघळवणारं असतं, आणि ताज्या, पूर्ण कडक न झालेल्या नेलपेंटला ते मऊ करतं. शिवाय साल काढताना जोर नखाच्या टोकावरच येतो. आपल्याकडे हिवाळाभर घरात संत्र्यांची टोपली असते, तेव्हा नेलपेंट लावलेल्या दिवशी सोलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.

जेल नेलपेंट करून घेऊ का? ती जास्त टिकते म्हणतात.

टिकते, साधारण दोन आठवडे. पण छोट्या नखावर ती काढताना जपावं लागतं. नीट भिजवून काढायची गोष्ट आहे ती, घाईघाईत खरवडली की नखाचा वरचा थर सोबत येतो. लावतानाही कातडीवर लागू देऊ नये, त्याने काही जणींना खाज आणि पुरळ येतं, आणि तसं झालं तर पुन्हा करू नका. एका लग्नासाठी ठीक आहे. दर महिन्याला मला पटत नाही.

नेलपेंट काढताना नखांभोवती लाल डाग पसरतात. ते कसे टाळायचे?

कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर दाबून धरा, दहा-पंधरा सेकंद न घासता. मग मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेने ओढून घ्या. घासलं की गडद रंग कातडीच्या चिरांमध्ये जातो. चमकी असेल तर बोळ्यावरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून पाच मिनिटं थांबा, आणि नखाने चमकी खरवडू नका. गडद रंगाखाली बेस कोट नसेल तर नखं पिवळट पडतात. तो पिवळेपणा रंगाचा असेल तर नख वाढेल तसा निघून जातो. पण नेलपेंट बंद करूनही नख जाड होत असेल, भुसभुशीत होत असेल किंवा पिवळेपणा वाढतच असेल, तर ते नेलपेंटचं काम नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि दवाखान्यात भरती व्हायचं असेल तर निदान एका बोटाची गडद नेलपेंट काढून जा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात तो गडद रंगावर चुकू शकतो.